पत्ता यूडीपीवर, पान टीसीपीवर

नेटवर्किंग शिकणारा कुणी म्हणतो, ‘डीएनएसची विचारणा सहसा यूडीपीवरून जाते आणि वेबपान उघडताना टीसीपी लागतं.’ बरोबर आहे. त्यातला ‘सहसा’ मात्र परीक्षेतही गाळू नये.

ब्राउझरमध्ये mr.wikipedia.org टाइप केलं की आधी त्या नावाचा आयपी पत्ता शोधावा लागतो. हा प्रश्न किती छोटा? 12 बाइटचं शीर्षक, नावाचे 18 आणि प्रश्नाचा प्रकार सांगणारे 4, असे अवघे 34 बाइट. उत्तरही बहुधा एकाच पॅकेटात मावतं. टीसीपी वापरलं तर या इवल्याशा प्रश्नाआधीच जोडणी जुळवायला एक फेरी खर्ची पडेल. यूडीपीत जोडणीच नसते, प्रश्न थेट 53 क्रमांकाच्या पोर्टवर जातो. वाटेत हरवला तर विचारणारा काही सेकंद थांबून पुन्हा विचारतो.

पानाचं तसं नाही. शंभर केबीचं पान साधारण 70 तुकड्यांत येतं. त्यातला एक जरी गळाला किंवा मागेपुढे झाला तरी मजकूर बिघडेल. टीसीपी पाठवलेल्या बाइट्सना क्रमांक देतं, पोच घेतं आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतं. त्यासाठी आधीची ती एक फेरी परवडते.

आता ‘सहसा’कडे येऊ. 1987 च्या नियमानुसार यूडीपीवरचं डीएनएस उत्तर 512 बाइटपुरतं होतं. पुढे ही मर्यादा वाढवता येऊ लागली, तरी उत्तर मावलं नाही तर सर्व्हर ‘अपुरं आहे’ अशी खूण लावून पाठवतो आणि विचारणारा तोच प्रश्न टीसीपीवरून पुन्हा करतो. इथेच एक खोडी होते. कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये 53 पोर्ट फक्त यूडीपीसाठी उघडं ठेवलेलं असतं. बहुतेक संकेतस्थळं व्यवस्थित उघडतात, लांबलचक उत्तर असलेलं एखादंच नाव अडतं आणि सगळे त्या संकेतस्थळालाच दोष देतात. पडताळणी सोपी आहे:

```
dig mr.wikipedia.org
dig +tcp mr.wikipedia.org
```

पहिल्याला उत्तर मिळालं आणि दुसरा ताटकळत राहिला, तर टीसीपीची वाट कुठेतरी बंद आहे असं समजावं. `dig` च्या नव्या आवृत्तीत `SERVER` च्या ओळीअखेर `(UDP)` किंवा `(TCP)` छापून येतं, ते तर डोळ्यांनीच पाहता येतं.

वाक्याचा दुसरा भागही आता थोडा सैल झाला आहे. 2022 मध्ये प्रमाणित झालेलं एचटीटीपी-3 टीसीपी सोडून क्विकवर चालतं आणि क्विक यूडीपीवर. क्रमांक, पोच, पुन्हा पाठवणं ही कामं तिथे क्विक स्वतःच करतं. उलट ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ सुरू असेल तर नावाची विचारणा एचटीटीपीएसमधून, म्हणजे बऱ्याचदा टीसीपीवरूनच जाते.