चंद्रपूरची वर्षभराची वीज, एक किलो वस्तुमान

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. मेगावॉट हा विजेचा वेग झाला. वर्षभरात किती वीज निघेल हे काढायचे तर त्याला वर्षातल्या 8760 तासांनी गुणावे लागते. सगळे संच एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले, तर वर्षाला सुमारे 2558 कोटी युनिट वीज तयार होईल. दुरुस्ती, कोळशाची प्रत, विजेची मागणी अशा कारणांनी प्रत्यक्षात ती कमीच असते. पण हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता आइनस्टाइनचे E=mc² घेऊ. m म्हणजे एक किलो वस्तुमान. c म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला 30 कोटी मीटर. तो मीटरमध्येच घ्यायचा. किलोमीटरमध्ये घेतला तर उत्तर दहा लाख पटींनी चुकते, आणि विद्यार्थी नेमके इथेच फसतात. वर्ग करून गुणाकार केला की 9 वर 16 शून्ये, इतके ज्यूल येतात. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला की उरतात 2500 कोटी युनिट. चंद्रपूरचे अवाढव्य केंद्र अख्खे वर्ष राबून जेवढी वीज देऊ शकते, जवळजवळ तेवढी ऊर्जा एक किलो वस्तुमानात आहे.

यावरून बहुतेकांचा समज होतो की हे सूत्र फक्त अणुभट्टीचे आहे आणि कोळशाशी त्याचा संबंध नाही. तो समज चुकीचा आहे. 1905 साली आइनस्टाइनने मांडले ते एवढेच, की कोणत्याही वस्तूने ऊर्जा बाहेर टाकली की तिचे वस्तुमान त्या प्रमाणात घटते. ऊर्जा कुठून आली, याने काही फरक पडत नाही. म्हणजे चंद्रपूरच्या कोळशालाही हा नियम लागू आहे.

एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कोळसा धरला, तर 2500 कोटी युनिटांना पावणेदोन कोटी टन कोळसा लागेल. उष्णतेतला जेमतेम 35 टक्के भाग विजेत उतरतो; बाकीचा धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जातो. म्हणून एकूण उष्णता 7000 कोटी युनिटांच्या वर, आणि तिच्याइतके वस्तुमान सुमारे तीन किलो. कोळसा आणि त्याने घेतलेला ऑक्सिजन यांचे आधीचे वजन, आणि राख, वायू हे सगळे गोळा करून थंड झाल्यावरचे वजन, यांत या तीन किलोंचा फरक पडेल. पावणेदोन कोटी टनांत तीन किलो! कोळशाच्या जवळपास सहाशे कोटी भागांतला हा एक भाग. तो दाखवेल असा काटा जगात नाही.

अणुकेंद्रात मात्र तूट मोजता येते. केंब्रिजमध्ये 1932 साली कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉन आदळले. त्यातून हेलियमची दोन अणुकेंद्रे निघाली. आधीच्या आणि नंतरच्या वस्तुमानात सुमारे पाव टक्क्याची तूट होती, आणि हेलियमच्या कणांची ऊर्जा त्या तुटीशी जुळली.

तारापूरची 540 मेगावॉटची एक अणुभट्टी वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तर सुमारे 473 कोटी युनिट वीज देईल. उष्णता याच्या तिपटीहून जास्त, म्हणून वर्षभरातली घट सहाशे ग्रॅमच्या आसपास. पण ती साधण्यासाठी सुमारे 700 किलो जड अणू फुटावे लागतात, आणि तेवढे फुटावेत म्हणून भट्टीतून वर्षाकाठी 90 टनांच्या घरात नैसर्गिक युरेनियम जाते. तेवढ्याच विजेला चंद्रपुरात 33 लाख टन कोळसा लागला असता.

सातशे किलो फुटले आणि घटले फक्त सहाशे ग्रॅम, असे का? युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन नाहीसे होत नाहीत. फुटण्याआधी ते मिळून 236 होते, आणि तुकड्यांत व सुट्या न्यूट्रॉनांत पुन्हा मोजले तर 236च भरतात. बदलते ती त्यांची एकमेकांशी असलेली बांधणी. मधल्या आकाराच्या अणुकेंद्रांत ती अधिक घट्ट असते, आणि तिथपर्यंत पोहोचताना सुटलेली ऊर्जा म्हणजेच ही तूट. ती जेमतेम हजारातला एक भाग असते. हायड्रोजनपासून हेलियम बनवणाऱ्या सूर्यातही ती हजारात सातच्या पुढे जात नाही.

पूर्ण किलोचे पूर्ण रूपांतर फक्त पदार्थ आणि प्रतिपदार्थ एकमेकांना भिडले तरच होते. पृथ्वीवर प्रतिपदार्थाची खाण नाही. तो बनवायला, त्यातून मिळेल त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा खर्च होते. म्हणून एक किलो कचऱ्यातून वर्षभर वीज देण्याचा दावा कुणी E=mc² दाखवून केला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन तुम्ही नाहीसे कसे करणार?