तीन सेकंदांत फ्रेंच वाक्याचे मराठी

सबटायटल म्हणजे पडद्याच्या तळाशी काही क्षण दिसणारा, जास्तीत जास्त दोन ओळींचा मजकूर. पात्र बोलायला लागले की तो येतो आणि बोलणे संपले की जातो. त्याला दोन मर्यादा असतात. पहिली जागेची आहे. एका ओळीत किती कॅरॅक्टर बसवायचे हे आधीच ठरलेले असते आणि आज ही मर्यादा बहुधा ४२ असते. दुसरी मर्यादा वेळेची, म्हणजे वाचनाच्या वेगाची आहे. प्रेक्षकाने एका सेकंदात किती कॅरॅक्टर वाचावेत अशी अपेक्षा आहे, हे त्यातून ठरते. युरोपातल्या टीव्हीवर पूर्वी सेकंदाला १२ कॅरॅक्टर हा सावध हिशेब वापरत, म्हणजे दोन पूर्ण ओळी सुमारे सहा सेकंद पडद्यावर राहत. पुढे हा वेग वाढत गेला. सबटायटल एका सेकंदापेक्षा फार कमी दिसले तर डोळा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि सात सेकंदांपेक्षा जास्त राहिले तर प्रेक्षक तेच पुन्हा वाचू लागतो.

या दोन मर्यादांपैकी भाषांतरकाराला खरी अडचण वेळेची येते. फ्रेंच संवाद वेगाने बोलले जातात आणि बोलताना त्यातले बरेच स्वर गळतात. एरिक रोमेर यांच्या १९६९च्या ‘मा न्वी शे मोद’सारख्या चित्रपटात पात्रे खोलीत बसून धर्म, गणित आणि पास्कालवर दीर्घकाळ बोलत राहतात. अशा चित्रपटात दोन सबटायटलांमध्ये उसंत मिळत नाही. ऐकू येणारे सगळे शब्द लिहून दाखवले तर प्रेक्षकाची नजर खालीच खिळते आणि अभिनेत्रीचा चेहरा बघायचा राहून जातो. म्हणून सबटायटल करणारा माणूस संवादाचे शब्द उतरवत नाही. बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवे आहे ते तो उतरवतो आणि उरलेले काम आवाजावर व चित्रावर सोपवतो.

देवनागरीत मोजणीचाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलंताचे चिन्ह हे स्वतंत्र कॅरॅक्टर असते. ‘तुम्ही’ या शब्दात वाचणाऱ्याला दोन अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या हिशेबी ती सहा आहेत: त, उकार, म, हलंत, ह आणि दीर्घ ईकार. ‘स्वयंपाक’मध्ये दिसणारी अक्षरे चार आणि मोजली जाणारी आठ. त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरवलेला आकडा मराठीला जसाच्या तसा लावला, तर मराठी मजकूर विनाकारण आखडतो. देवनागरीसाठी वेगाची मर्यादा थोडी सैल ठेवणे रास्त ठरते. काही साधने मात्रा वगळून दिसणारी अक्षरे मोजतात. एकच फाइल एका साधनात नियमात बसते आणि दुसऱ्यात लाल दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते. काम सुरू करण्यापूर्वी मोजणीची पद्धत विचारून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. रविवारचे जेवण आहे. घरची बाई नवऱ्याच्या वरिष्ठ सहकाऱ्याला वैतागून बोलते आहे. फ्रेंचमध्ये ती त्याला ‘व्हू’ म्हणते, म्हणजे आदराने संबोधते. तिचे वाक्य ७६ फ्रेम चालते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा काळ ३.१७ सेकंदांचा होतो. पूर्ण भाषांतर असे होईल: ‘अहो, पण तुम्ही येणार नाही असं तुम्ही मला काल सांगितलं असतंत, तर मी सगळ्यांसाठी स्वयंपाक केला नसता.’ हे ९८ कॅरॅक्टर झाले. ४२च्या दोन ओळींतही ते मावत नाहीत आणि वाचायचा वेग सेकंदाला ३१च्या आसपास जातो. ठरलेली मर्यादा १८ असेल, तर या वेळात फक्त ५७ कॅरॅक्टर बसतात.

काटछाट सुरू होते ती आवाजातून कळणाऱ्या शब्दांपासून. वाक्याच्या सुरुवातीचे ‘मेझाँफँ’, म्हणजे वैतागलेले ‘अहो, पण’, तिच्या स्वरातच ऐकू येते. फ्रेंच न कळणाऱ्यालाही ते कळते, म्हणून ते शब्द जातात. स्वयंपाक कोणी केला हे भरलेल्या टेबलावरून आणि तिच्या हातातल्या भांड्यावरून दिसते, म्हणून ‘मी’ आणि ‘मला’ जातात. ‘सगळ्यांसाठी’ या अकरा कॅरॅक्टरांच्या शब्दाऐवजी चार कॅरॅक्टरांचा ‘एवढा’ येतो. मग दोन्ही ‘तुम्ही’ काढता येतात, आणि इथे मराठी क्रियापद मदतीला येते. ‘असतंत’मधल्या शेवटच्या ‘त’मध्ये ‘तुम्ही’ आहेच. तिथे ‘स’ असता तर तोच माणूस ‘तू’ झाला असता. फ्रेंचमधला आदर अशा रीतीने एका कॅरॅक्टरात टिकतो.

उरलेला मजकूर ६० कॅरॅक्टरांचा होतो. अजून तीन जास्त आहेत. आता चित्राकडे पाहायचे. ती बोलून गप्प होते आणि पुढचा कट पंधरा फ्रेम लांब आहे, म्हणून सबटायटल बोलणे संपल्यावर आणखी चार फ्रेम ठेवता येते. वेळ ८० फ्रेमांचा, म्हणजे ३.३३ सेकंदांचा झाला आणि वेग बरोबर १८वर आला. फाइलमध्ये ते असे दिसते:

```
214
00:18:42,083 --> 00:18:45,417
येणार नाही हे काल सांगितलं असतंत,
तर एवढा स्वयंपाक केला नसता.
```

कट दोनच फ्रेमांवर असता, तर ही सवलत मिळाली नसती. कट ओलांडून एक-दोन फ्रेम रेंगाळणारे सबटायटल डोळ्याला झटका देते, कारण चित्र बदलले की मजकूरही बदलला असे वाटून नजर पुन्हा खाली जाते. अशा वेळी ‘एवढा’ सोडावा लागतो आणि मजकूर ५५वर येतो. तक्रार तीच राहते, पण वाया गेलेल्या श्रमाचे माप जाते. दुसरी ओळ ‘तर’पासून सुरू झाली हेही मुद्दाम केलेले आहे. ओळ तोडताना अर्थाचा तुकडा अखंड राहिला पाहिजे. ‘सांगितलं’ वरच्या ओळीत आणि ‘असतंत’ खालच्या ओळीत गेले, तर प्रेक्षक वरची ओळ वाचून ‘तिने सांगितलं’ असे समजतो आणि मग मागे फिरतो.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ या फ्रेंच संबोधनांसाठी मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तयार आहेत, आणि ही मराठीची मोठी जमेची बाजू आहे. मात्यू कासोवित्झ यांच्या १९९५च्या ‘ला एन’मध्ये पॅरिसच्या उपनगरी वस्तीतला तरुण सईद शहरात एका पोलिसाला रस्ता विचारतो. पोलिस त्याला ‘व्हू’ म्हणतो आणि सईद त्या सभ्यतेने चकित होतो. वस्तीत पोलिसांकडून त्याला असे बोलणे ऐकायची सवय नाही. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच सर्वनाम असल्याने तिथे वळसा घ्यावा लागतो. मराठीत ‘तुम्ही म्हणाला मला’ एवढे पुरते. मात्र दर ‘त्यू’ला ‘तू’ ही यांत्रिक जोडणी चालत नाही. आजची फ्रेंच सून सासूला ‘त्यू’ म्हणू शकते. मराठीत तिथे ‘तू’ आले, तर प्रेक्षकाला घरात भांडण आहे असे वाटेल. ज्या दोन माणसांचे संबोधन चित्रपटभर बदलत नाही, तिथे मराठी रीत पाळावी. जिथे ‘व्हू’चे ‘त्यू’ होणे ही कथेतली घटना आहे, तिथे तो बदल त्याच सबटायटलात दिसलाच पाहिजे, मग बाकी काहीही कापावे लागो.

क्रियापदाचा हाच गुण कधी उलटतो. फ्रेंचमध्ये ‘मी येतोय’ आणि ‘मी येतेय’ यांचे रूप एकच असते. रहस्यपटात फोनवरचा दबलेला आवाज पुरुषाचा की बाईचा हे लपवायचे असेल, तर मराठी सबटायटल गुपित फोडून बसते. अशा ठिकाणी लिंग न दाखवणारी रूपे शोधावी लागतात. भविष्यकाळातले ‘येईन’ किंवा ‘मला यायला अर्धा तास लागेल’ अशी रचना काम करते.

शब्दक्रमाची अडचण यापेक्षा सूक्ष्म आहे. फ्रेंच क्रियापद लवकर येते आणि धक्का वाक्याच्या शेवटी ठेवता येतो: काल स्टेशनवर पॉलची बायको दिसली, आणि मग किंचित थांबून, तुझ्या भावाबरोबर. व्याकरणाच्या पुस्तकातली मराठी रचना केली तर भाऊ मधे अडकतो आणि ‘दिसली’ शेवटी येते. प्रेक्षक वाचून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो तो नंतर. बोली मराठी मात्र असा तुकडा शेवटी ठेवू देते: ‘काल स्टेशनवर पॉलची बायको दिसली.’ आणि पुढच्या सबटायटलात ‘तुझ्या भावाबरोबर.’ नकाराचेही तसेच आहे. आई दारात उभी राहून मुलीला एका माणसाला भेटायला मनाई करते आणि मनाईचा शब्द ऐकताच मुलगी वळते. फ्रेंचमध्ये तो शब्द पहिल्या अर्ध्या वाक्यातच येतो. मराठीत मनाई दुसऱ्या सबटायटलापर्यंत लांबली, तर मुलगी का वळली ते कळत नाही. ‘अजिबात भेटायचं नाही त्याला.’ हे आधी आणि कारण मागून, असे केले की चित्र आणि मजकूर जुळतात.

हे सगळे फ्रेंच ऐकून काम केले तरच साधते. पुष्कळदा भाषांतरकाराच्या हाती इंग्रजी सबटायटलांची, वेळा आधीच बसवलेली फाइल पडते. तिच्यात ‘त्यू’ आणि ‘व्हू’ गळलेले असतात, वाक्ये इंग्रजीच्या सोयीने तोडलेली असतात आणि इंग्रजीत कापलेला तपशील मराठीतही कायमचा जातो. फ्रेंच येत नसलेल्याने निदान प्रत्येक नात्याचे संबोधन फ्रेंच जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे आणि आवाज चालू ठेवूनच काम करावे. ठसक्याने उच्चारलेले नाव सबटायटलात नसेल, तर ते ऐकणाऱ्याच्या लक्षात येते.

शेवटची तपासणी दोन फेऱ्यांत होते. पहिली फेरी दिसण्याची. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा अनुस्वार किंवा रफार एकमेकांवर चढतात, म्हणून ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त लागते. ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्र’, ‘कॅफे’ अशा शब्दांवर नजर टाकली की फॉन्ट बरोबर उमटतो आहे का ते कळते. हलंत सुटा दिसला किंवा चौकोन आले, तर फॉन्ट किंवा फाइल साठवण्याची पद्धत चुकलेली असते आणि फाइल UTF-8 मध्ये पुन्हा साठवून पाहावी लागते. दुसरी फेरी वाचण्याची. फ्रेंच न येणाऱ्या आणि पटकथा न वाचलेल्या माणसाला चित्रपट न थांबवता दाखवायचा आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे पाहायचे. ज्या ठिकाणी त्याची नजर तळाशी अडकते किंवा तो इतरांपेक्षा उशिरा हसतो, त्या सबटायटलांचे क्रमांक टिपून ती पुन्हा लिहायची. आकडा मर्यादेत असला तरी जोडाक्षरांनी भरलेला संस्कृतप्रचुर शब्द वाचायला वेळ घेतो, आणि ही गोष्ट कोणत्याही साधनाच्या मोजणीत दिसत नाही.