फोटोतल्या कुंडीत नुसत्या काड्या

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या एका शाळासोबत्याचे वडील गेले. तिसऱ्या दिवशी त्याने वर्गाच्या ग्रुपवर त्यांचा एक फोटो टाकला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. गच्चीवर काका उकिडवे बसलेत, अंगात बनियन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात छाटणीची कात्री. अर्ध्या तासात फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली, हात जोडलेल्या चित्रांसकट. त्या रांगेत मीही होतो.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चुकीची नाही. बातमी पोचली, एवढी पावती तिने मिळते. पण ती मृताला वाहिलेली असते, मित्राशी त्यात कोणी बोललेलं नसतं. आणि त्याने तर फोटो टाकला होता. माणूस फोटो दाखवतो तेव्हा समोरच्याने तो पाहावा अशी त्याची इच्छा असते. आम्ही कोणी तो पाहिला होता, असं आमच्या उत्तरांवरून तरी वाटत नव्हतं.

रात्री मी त्याला वेगळा निरोप लिहायला बसलो. पहिला खर्डा असा उतरला : ‘काकांनी जीव लावून फुलवलेली ही हिरवीगार बाग त्यांच्या आठवणींनी सदैव बहरत राहील.’ वाचायला बरं वाटलं, म्हणून फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला. काकांच्या पुढ्यातल्या कुंडीत हिरवंगार काहीच नव्हतं. वीतभर उंचीच्या दहा-बारा काड्या उभ्या होत्या, त्यांवर एक पान नाही.

तो मोगरा होता. कुंडीतला मोगरा थंडी ओसरताना, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत छाटतात. त्याआधी काही दिवस पाणी तोडतात. मग फांद्या आखूड करायच्या, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची, माती उकरून शेणखत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्याच्या टोकाला, म्हणून जुनं लाकूड कमी करावं लागतं. छाटलेलं झाड पहिले काही दिवस मेल्यासारखंच दिसतं. म्हणजे काका त्या फोटोत बाग फुलवत नव्हते, ती बोडकी करत होते. माझं ‘हिरवीगार’ त्यांच्या मुलाने वाचलं असतं, तर फोटो न बघताच लिहिलंय हे त्याच्या लगेच लक्षात आलं असतं.

सांत्वनाच्या निरोपात फोटोचा आधार घ्यायचा तर आधी त्यात काय आहे ते नीट बघावं, आणि जे दिसतं तेवढंच लिहावं. दिसणारी गोष्ट अगदी बारकी असली तरी चालते, किंबहुना बारकीच बरी. मला कुंडीशेजारी पसरलेला वर्तमानपत्राचा कागद दिसला. ओरबाडलेली पानं काकांनी त्यावर ढीग करून ठेवली होती, फरशीवर एकही सांडलेलं नव्हतं. ज्याने त्यांच्या घरात दोन दिवस काढलेत त्याला हा माणूस एवढ्यावरून ओळखू येईल.

दुसरा खर्डा सुधारला, पण त्यातही एक मोह होताच : ‘त्यांनी छाटलेल्या मोगऱ्याला आता कळ्या येतील बघ.’ हे वाक्य कोणालाही सुचेल. मी ते खोडलं, कारण ते खरं ठरेल याची मला खात्री नव्हती. काका शेवटचे पंधरा दिवस दवाखान्यात होते, घरचे सगळे तिकडेच. मार्चच्या उन्हात गच्चीवरची कुंडी दोन दिवसांत कोरडी पडते आणि नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या पालवीला तेवढं पुरतं. मित्र माझा निरोप वाचून वर गेला असता आणि कुंडीत वाळलेल्या काड्या बघून परत आला असता, तर मी सांत्वन केलं की घाव घातला?

आपल्याकडे दुखवट्याला जाण्याची रीत या बाबतीत फार शहाणी आहे. जायचं, बसायचं, घरचे बोलले तर ऐकायचं. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. उठून चालू लागायचं, म्हणजे घरच्यांना निरोप देत बसावं लागत नाही. पूर्वी मृत्यूचं कार्ड यायचं तेही वर ‘श्री’ न घालता, आणि वाचून झालं की फाडून टाकत. मोबाइलवरचा निरोप मात्र फाडला जात नाही. तो सहा महिन्यांनी पुन्हा समोर येतो. म्हणून ‘वय झालंच होतं’, ‘सुटले बिचारे’ ही समोरासमोर कशीबशी खपून जाणारी वाक्यं लिहून पाठवू नयेत. ‘नेमकं काय झालं होतं?’ हेही विचारू नये. ते त्याने तोवर पन्नास जणांना सांगितलेलं असतं.

फोटोचंही एक पथ्य आहे. त्याला झेंडूचा हार, समई आणि चौकट लावून परत पाठवणारे असतात. हेतू चांगलाच असतो, पण मुलाने निवडलेला फोटो हात न लावता ठेवावा. हाराचा फोटो घरचे ठरवतील. बनियनमधला तर मुळीच दुसऱ्या ग्रुपवर ढकलू नये.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य माझ्या प्रत्येक खर्ड्यात आपोआप येत होतं. त्याचा त्रास असा, की काय लागतंय ते शोधून मागण्याचं काम आपण त्या घरावरच टाकतो. फोटोत मात्र मला करता येण्याजोगं काम समोरच दिसत होतं. दहाव्यासाठी ते सगळे नाशिकला जाणार होते. म्हणून शेवटी पाठवलं ते असं :

‘काकांचा गच्चीवरचा फोटो कालपासून चारदा पाहिला. मोगरा छाटताना पानं कागदावर गोळा करून ठेवलीयत, ते बघून हसूच आलं. पसारा करायचा पण सांडू द्यायचं नाही. दहावीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचो तेव्हा, मातीत बोट खुपसून बघ आणि मगच पाणी घाल, असं त्यांनी मला दटावलं होतं. अजून तसंच करतो. तुम्ही नाशिकला जाल तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला मी सकाळी साडेसहाला येईन. चावी कुठे ठेवतोस तेवढं कळव. बाकी उत्तराची घाई नाही.’

यात ‘आत्म्यास शांती’ नाही, काकांच्या स्वभावाचे गोडवे नाहीत. एक फोटोतली गोष्ट, एक माझ्या आठवणीतली, आणि एक काम. आठवण नसती तर मी ती गाळली असती. ज्यांची काकांशी कधी भेट झाली नाही त्यांनी ‘फार प्रेमळ होते’ असं लिहू नये, फोटोत दिसलं तेवढं आणि मित्राबद्दल दोन शब्द पुरे होतात.

वेळेचं म्हणाल तर, बातमी कळताच एक ओळ टाकावी आणि शक्य असेल तर जाऊन यावं. असा सावकाश लिहिलेला निरोप चार-पाच दिवसांनी गेला तरी बिघडत नाही. तेराव्यानंतर गेला तर जास्तच वाचला जातो, कारण तोवर माणसांची ये-जा थांबलेली असते.

मला उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. ‘चावी शेजारच्या काकूंकडे. पाइप लावू नकोस, झारीने घाल, बाबांना पाइप आवडायचा नाही.’ मी चार सकाळी गेलो. चौदा कुंड्यांपैकी तुळस आणि एक शेवंती गेली होती. मोगऱ्याची पालवी करपली होती, काड्या नखाने खरवडल्या तर आत हिरव्या होत्या.