दोन ट्रान्झिस्टरांचा गुणाकार

दोन ट्रान्झिस्टरांचे एमिटर एकमेकांना जोडले आणि त्या सांध्यातून ठरावीक प्रवाह खाली खेचला, की डिफरन्शियल पेअर तयार होते. खाली खेचल्या जाणाऱ्या या प्रवाहाला टेल करंट, म्हणजे शेपटीचा प्रवाह म्हणतात. एकूण प्रवाह किती, हे शेपटी ठरवते. तो दोन ट्रान्झिस्टरांत कसा वाटला जाणार, हे दोन्ही बेसमधला व्होल्टेजचा फरक ठरवतो. शेतात पाटाचे पाणी दोन चाऱ्यांत फुटते, तिथे असेच घडते. फाट्यावरची फळी जरा सरकवली की एका चारीला जास्त पाणी जाते आणि दुसरीला तेवढेच कमी. फळी तशीच ठेवून पाटालाच दुप्पट पाणी सोडले, तर दोन चाऱ्यांमधला फरकही दुप्पट होतो. म्हणजे हा फरक दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: फळी किती सरकली आणि पाटाला पाणी किती आले.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत फळी फार हळवी असते. बेस आणि एमिटर यांच्यातले व्होल्टेज वाढले की कलेक्टरचा प्रवाह घातांकी वेगाने वाढतो, आणि त्या वाढीचे माप आहे खोलीच्या तापमानाला सुमारे २६ मिलिव्होल्ट. शेपटीत १ मिलिअँपिअर प्रवाह आहे असे धरू. दोन्ही बेस समान व्होल्टेजवर असतील तर प्रत्येक ट्रान्झिस्टरला अर्धा-अर्धा मिलिअँपिअर मिळतो. एक बेस १० मिलिव्होल्टने वर नेला की दोन कलेक्टर-प्रवाहांत ०.१९ मिलिअँपिअरचा फरक पडतो. प्रत्येक कलेक्टरला २ किलोओहमचा रोध असेल, तर दोन्ही कलेक्टरांमध्ये ०.३८ व्होल्ट दिसतात. आता शेपटी २ मिलिअँपिअर केली, तर त्याच १० मिलिव्होल्टला ०.७६ व्होल्ट मिळतात.

हा गुणाकार लहान फरकापुरताच सरळ चालतो. १० मिलिव्होल्टला चूक जेमतेम सव्वा टक्का असते, २६ मिलिव्होल्टला ती सात टक्क्यांच्या पुढे जाते. १०० मिलिव्होल्टला तर ९८ टक्के प्रवाह एकाच बाजूला गेलेला असतो. त्यापुढे बेसवर कितीही जोर लावला तरी वाटून घ्यायला काही उरत नाही.

शेपटीवर नियंत्रण ठेवण्यासाठी तिथे तिसरा ट्रान्झिस्टर बसवतात आणि त्याच्या एमिटरला रोध लावतात. रोध १ किलोओहमचा असेल, तर त्याच्या बेसवरचा अर्ध्या व्होल्टचा चढउतार शेपटीत जवळजवळ अर्ध्या मिलिअँपिअरचा चढउतार घडवतो. रोधामुळे हा मार्ग बराच सरळ राहतो. वरच्या जोडीत मिलिव्होल्ट मोजावे लागतात, इथे मात्र व्होल्टचे अंश आरामात चालतात. म्हणून ज्या संकेताचा आकार जपायचा आहे, तो शेपटीला द्यावा आणि ज्याच्या आकाराची फारशी फिकीर नाही, तो वरच्या जोडीला. या मांडणीच्या वापरातला हा सर्वांत मोलाचा नियम आहे.

मॉड्युलेटरमध्ये तो असा वापरतात. वरच्या जोडीला वाहक लहर द्यायची. उदाहरणापुरता पुणे आकाशवाणीचा ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा घेऊ. शेपटीला १ किलोहर्ट्झचा सूर द्यायचा. शेपटी १ मिलिअँपिअरभोवती अर्ध्यापासून दीडपर्यंत झुलू लागली, की बाहेर येणाऱ्या वाहकाची उंचीही त्याच तालावर कमीजास्त होते. हे झाले ५० टक्के आयाम-मॉड्युलेशन. दोन लहरींचा गुणाकार त्यांच्या कंप्रतांची बेरीज आणि वजाबाकी निर्माण करतो, म्हणून ७९२ च्या दोन्ही बाजूंना ७९१ आणि ७९३ किलोहर्ट्झच्या लहरी उमटतात. प्रत्येकीची उंची वाहकाच्या एक चतुर्थांश असते. सगळा संदेश त्यांच्यातच असतो.

सुराचा आवाज वाढवत गेले की एका टप्प्यावर शेपटी शून्याला टेकते. प्रवाह उलटा वाहू शकत नाही, म्हणून गुणाकार तिथेच थांबतो. ऑसिलोस्कोपवर लहरीची कंबर बारीक होत जाते आणि शेवटी मिटून सपाट पट्टी बनते. रेडिओवर हाच आवाज फाटका, खरखरीत ऐकू येतो. वाहकाची उंची वाढवून हा दोष जात नाही. शेपटीचा स्थिर प्रवाह वाढवावा लागतो किंवा सूर कमी करावा लागतो.

मिक्सरमध्ये तीच जोडी उलट दिशेने कामाला लावतात. ७९२ किलोहर्ट्झचा संकेत शेपटीला देतात आणि रेडिओतल्या ऑसिलेटरची १२४७ किलोहर्ट्झची लहर वर देतात. वजाबाकी ४५५ किलोहर्ट्झ येते, ती पुढचा ट्यून केलेला टप्पा निवडून घेतो. बेरजेचे २०३९ तिथेच मागे राहतात. ऑसिलेटरला येथे मुद्दाम १०० मिलिव्होल्टच्या वर ठेवतात, म्हणजे जोडी प्रवाह कधी डावीकडे, कधी उजवीकडे फेकणारा स्विच बनते. मग ऑसिलेटर थोडा जोरात किंवा हळू चालला तरी परिणाम बदलत नाही. त्याची किंमत अशी, की चौकोनी लहरीत तिप्पट कंप्रताही असते आणि नको ती स्टेशने तिच्याशी मिसळून ४५५ वर उतरू शकतात. शिवाय १७०२ किलोहर्ट्झवरचा संकेतही १२४७ पासून तेवढ्याच अंतरावर असल्यामुळे ४५५ वरच येतो. ही छायाकंप्रता मिक्सरच्या आधीच गाळावी लागते, नंतर ती वेगळी काढता येत नाही.

ब्रेडबोर्डवर सुटे ट्रान्झिस्टर वापरून हे मंडल उभे केले, तर त्याचा दुबळेपणा लगेच दिसतो. दोन्ही बेस एकाच व्होल्टेजवर ठेवून एका ट्रान्झिस्टरला चिमटीत धरावे. तो ५ अंशांनी तापला तरी त्याच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये सुमारे १० मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि आधीच्या हिशेबातले ०.३८ व्होल्ट काहीही संकेत नसताना मीटरवर उभे राहतात. बोट काढले की आकडा हळूहळू खाली येतो. तोल असा ढळला की शेपटीचा सूरही दोन कलेक्टरांत समान न उमटता बाहेर गळू लागतो. म्हणून ही जोडी एकाच सिलिकॉन तुकड्यावर घडलेली घ्यावी. सीए३०४६ या पाच ट्रान्झिस्टरांच्या चिपमध्ये दोघांचे एमिटर आतच जोडलेले मिळतात.

एक अडचण मात्र चिपनेही सुटत नाही: एकट्या जोडीत वाहक बाहेर येतोच, कारण शेपटीत स्थिर प्रवाह असतोच. १९६३ मध्ये हॉवर्ड जोन्स यांनी पेटंटसाठी दाखल केलेल्या रचनेत आणि पुढे १९६८ मध्ये टेक्ट्रॉनिक्समध्ये असलेल्या बॅरी गिल्बर्ट यांनी मांडलेल्या गुणकात दोन जोड्या वापरल्या आहेत. दोन्हींचे कलेक्टर आडवेतिडवे जोडलेले असतात आणि एक शेपटी वाढते तेव्हा दुसरी कमी होते. दोन्ही स्थिर प्रवाहांचे वाहक एकमेकांना खोडतात, फक्त गुणाकार उरतो. गिल्बर्ट यांनी यात भर घातली ती डायोडची. वरच्या जोडीला येणारा प्रवाह आधी डायोडमधून जातो, तिथे त्याचे लॉगरिदमसारखे दबलेले व्होल्टेज बनते आणि जोडीचा घातांकी स्वभाव ते पुन्हा सरळ करतो. त्यामुळे १०० मिलिव्होल्टची वाकलेली टोके आणि तापमानासोबत बदलणारे २६ मिलिव्होल्टचे माप, दोन्ही हिशेबातून निघून जातात. मोटोरोलाच्या एमसी१४९६ मध्ये हे डायोड नाहीत, पण त्या दोन जोड्या मात्र आहेत. तिच्याबाहेर लावलेला प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने फिरवत ऑसिलोस्कोपवरचा उरलेला वाहक सर्वांत लहान करायचा असतो.