चटणीचं पाकीट खरं कितीला पडतं?



या वेळी हिशोबाची वही घेऊनच बसा. विषय शेंगदाणा चटणीचा आहे, पण पापड, लाडू, मसाला करणाऱ्या गटांनीही वाचा. रीत तीच आहे.

बरेच गट चटणीची किंमत अशी काढतात. दाणे 10 किलो, तिखट 600 ग्रॅम, लसूण 650 ग्रॅम, मीठ पाव किलो, जिरे 100 ग्रॅम. वजन झालं 11 किलो 600 ग्रॅम. म्हणजे 200 ग्रॅमची 58 पाकिटं. सामान आलं 1,646 रुपयांचं, म्हणून पाकिटाला 28 रुपये. पिशवीचे 4 धरले की 32. मग 50 ला विकलं तरी 18 रुपये सुटले!

आता घाणा झाल्यावर पाकिटं मोजा. 58 कधीच भरत नाहीत. 50 भरतात. आठ पाकिटं कुठे गेली, तिथूनच आपला हिशोब सुरू होतो.

पहिलं काम म्हणजे मालाची यादी. एका घाण्याला काय काय लागतं ते सगळं वजनासकट लिहायचं. "मूठभर", "अंदाजे" असं यादीत चालत नाही. मूठ प्रत्येकीची वेगळी असते, आणि चवही मग दर वेळी वेगळी होते. उदाहरणासाठी मी हे भाव धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला:

शेंगदाणे 10 किलो, 130 रुपयांनी – 1,300
लाल तिखट 600 ग्रॅम, 300 रुपये किलोने – 180
लसूण 650 ग्रॅम, 200 रुपये किलोने – 130
जिरे 100 ग्रॅम – 30
मीठ 250 ग्रॅम – 6
एकूण 1,646 रुपये.

दुसरं म्हणजे घट. दाणे निवडताना खडे, किडके, काळे, सुरकुतलेले बाजूला जातात. भाजताना ओल उडते. मग चोळून पाखडलं की टरफल जातं. 10 किलोचे साधारण 9 किलो हातात येतात. म्हणजे 130 रुपये किलोने घेतलेला दाणा उखळात पडतो तेव्हा 144 रुपयांचा झालेला असतो. लसूण सोलला की 650 ग्रॅमचा 500 राहतो. आता बेरीज करा: दाणे 9 किलो, तिखट 600, लसूण 500, मीठ 250, जिरे 100. झाले 10 किलो 450 ग्रॅम. कांडपाच्या मशीनला चिकटलेलं, सांडलेलं, चाखलेलं मिळून आणखी पाव किलो जातं. उरली 10 किलो 200 ग्रॅम चटणी.

मग पाकिटं 51 का होत नाहीत? कारण हाताने भरताना काटा अगदी 200 वर थांबत नाही. पाकिटात 3-4 ग्रॅम जास्तच पडते, आणि पडू द्यावीच लागते. छापलेल्या वजनापेक्षा कमी भरणं कायद्यात बसत नाही. 50 पाकिटांत 4-4 ग्रॅम म्हणजे एक अख्खं पाकीट गेलं.

घटीचा आकडा दुसऱ्या गटाकडून उसना घेऊ नका. तीन घाणे स्वतः वजन करून बघा आणि सरासरी धरा. वजन दोनदा करा: एकदा निवडल्यावर, एकदा टरफल काढल्यावर. निवडताना घट वाढली तर व्यापाऱ्याचा माल हलका आहे, तिथे भावावर बोलता येतं. निवडल्यावर ठीक होतं आणि भाजल्यावर जास्त घटलं, तर दाणा ओला होता किंवा आच जास्त लागली. जास्त भाजलेला दाणा रंगाने ओळखू येतो आणि चटणी कडवट लागते. फक्त शेवटचं वजन केलं तर चूक व्यापाऱ्याची की चुलीची, हे कळत नाही.

तिसरं, पॅकिंग. "पिशवी 4 रुपये" एवढ्यावर थांबू नका. सील जळतं, लेबल वाकडं लागतं, म्हणून 50 पाकिटांना 53 पिशव्या आणि 53 लेबलं धरा. पिशव्यांचे 212, लेबलं 2 रुपयांनी 106, दोन खोकी 50, चिकटपट्टी 12. झाले 380. म्हणजे पाकिटामागे 7 रुपये 60 पैसे, चारच्या जवळपास दुप्पट.

आता वरचा खर्च. गॅस कसा मोजायचा, असं बैठकीत नेहमी विचारतात. टाकी भाजण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. 900 ग्रॅम उतरली आणि 19 किलोची टाकी 1,900 ची असेल, तर गॅस 90 रुपयांचा झाला. कांडप 150, गाडीभाडं आणि किरकोळ 100.

आणि मजुरी. निवडणं, भाजणं, पाखडणं, लसूण सोलणं, कांडप, भरणं मिळून या घाण्याला 14 तास लागतात. तासाला 50 रुपयांनी 700. "आमचीच मजुरी, ती कशाला धरायची?" असं म्हणू नका हं. ती धरली नाही की काय होतं ते बघा. मजुरी सोडून खर्च झाला 2,366 रुपये. 50 पाकिटं 50 ला विकली तर आले 2,500. उरले 134. त्याला 14 तासांनी भागा: तासाला साडेनऊ रुपये. पेटीत पैसे शिल्लक दिसतात, म्हणून तोटा दिसत नाही. तो बायांच्या हातांनी भरून काढलेला असतो.

मजुरीसकट घाण्याचा खर्च 3,066. पण भागायचं 50 ने नाही. दोन पाकिटं चव दाखवायला फुटतात, एखादं फाटतं किंवा खवट झालं म्हणून परत येतं. पैसे 47 पाकिटांचेच येतात. 3,066 भागिले 47, म्हणजे पाकीट 65 रुपयांना पडलं. 50 च्या भावाने 47 पाकिटांचे 2,350 येतात. मग मजुरी सोडाच, सामानाचेही 16 रुपये खिशातून जातात.

65 वर गटाचा नफा 7 रुपये धरू, म्हणजे 72 हातात यायला हवेत. गावात थेट विकताना 75 ठेवता येतील. पण दुकानदार 20 टक्के मागत असेल तर 72 वर 20 टक्के चढवू नका. तसं केलं तर किंमत 86 होते, दुकानदार त्या 86 चे 20 टक्के म्हणजे 17 कापतो, आणि आपल्याला 69 मिळतात. 72 ला 0.80 ने भागा. 90 येतात. 90 मधून 18 गेले की बरोबर 72 राहतात.

90 ला गिऱ्हाईक मिळत नसेल तर आधी यादीकडे बघा. एक किलोच्या पाकिटाला पिशवी आणि लेबल एकेकच लागतं, त्यामुळे खानावळीला मोठं पाकीट कमी भावात देता येतं. दाणा सुगीला एकदम घेतला तर स्वस्त पडतो, पण साठवताना कोरडा ठेवावा लागतो. तिखट कमी करून किंवा हलका दाणा घालून किंमत उतरवू नका, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येणार नाही.

हा कागद बैठकीच्या वहीत चिकटवून ठेवा आणि वर तारीख टाका. दाण्याचा भाव किलोमागे 10 रुपये चढला की पाकीट साधारण 2 रुपयांनी महागतं. भाव 20 ने चढला तर पुढची लेबलं छापायच्या आधी किंमत बदलून घ्या.