परिषद परदेशात, फाइल मंत्रालयात

परदेशातील परिषदेत शोधनिबंध वाचायला निघालेल्या शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाला तीन वेगवेगळ्या गोष्टी मागाव्या लागतात : देशाबाहेर जाण्याची परवानगी, रजा आणि पैसे. अर्ज एकच असला तरी या तिन्हींचे नियम निराळे आहेत, आणि खर्च वाटून घेतलेला असला की गुंता नेमका पैशाच्या बाजूने होतो.

समजा, व्हिएन्नातील तीन दिवसांच्या परिषदेसाठी एकूण खर्च 1,55,000 रुपये येतो. आयोजक नोंदणी शुल्कातील 22,500 रुपये माफ करतात आणि 30,000 रुपयांची राहण्याची सोय करतात. महाविद्यालयाकडून विमानभाड्यापोटी 50,000 रुपये मागितले आहेत. उरलेले 52,500 रुपये प्राध्यापक स्वतः भरणार आहे. अर्जात ही फोड बाबनिहाय द्यावी लागते, कारण एकच बाब दोन ठिकाणांहून वसूल करता येत नाही. अनेक जण फाइल लवकर सुटावी म्हणून ‘शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही’ हे ठरीव वाक्य लिहून टाकतात. तेच मंजुरीच्या आदेशात उतरले की पुढे 50,000 रुपये मागायला आधार राहत नाही.

आयोजकांच्या पाहुणचाराचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 च्या कलम 6 नुसार शासकीय कर्मचाऱ्याला परदेशी संस्थेने दिलेला प्रवासखर्च किंवा मोफत निवास स्वीकारण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. त्यासाठी गृह मंत्रालयाकडे FC-2 हा ऑनलाइन अर्ज करावा लागतो. स्वतःच्या विभागाने परवानगी दिली म्हणून ही अट सुटत नाही.

रजेचे तुलनेने सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे परिषदांसारख्या कामांसाठी शैक्षणिक वर्षात कमाल 30 दिवसांची कर्तव्य रजा पूर्ण वेतनावर मिळू शकते. मात्र मिळणारे अर्थसाहाय्य नेहमीच्या खर्चाहून जास्त असेल, तर ती कमी वेतनावरही दिली जाऊ शकते. परिषदेनंतर चार दिवस फिरायचे असल्यास तेवढी अर्जित रजा जोडून मागावी. तारखा लपवण्यात काही शहाणपणा नाही, पासपोर्टवरचे शिक्के सगळे सांगतात.

खरी कसरत वेळेची. प्राचार्यांकडून निघालेला प्रस्ताव सहसंचालक आणि संचालनालयामार्गे मंत्रालयात पोहोचतो. इकडे शेंगेन व्हिसाच्या अर्जाला नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र लागते, आणि तो अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी करायचा असतो. त्यामुळे निबंध स्वीकारल्याचे पत्र हाती येताच प्रस्ताव पाठवावा; आयोजकांकडून कोणती मदत कितीची आहे हे त्याच वेळी लेखी घ्यावे. निधी अनिश्चित असल्यास ‘निधी न मिळाल्यास स्वखर्चाने’ असा पर्याय प्रस्तावातच नोंदवावा, म्हणजे फाइल दुसऱ्यांदा फिरवावी लागत नाही.

परतल्यावर उपस्थितीचे प्रमाणपत्र, पावत्या आणि बोर्डिंग पास देयकाला जोडायचे असतात. बोर्डिंग पास हरवला, तर विमानभाड्याचे देयक लेखा शाखेत हमखास अडकते.