मालकाच्या मृत्यूनंतर मुखत्याराने केलेले खरेदीखत

बंगळुरूजवळच्या एका जागेचा वाद फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मूळ मालकाने 1986 मध्ये एका बाईंच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले आणि त्याच दिवशी त्यांनाच साठेखतही करून दिले. साठेखत नोंदवलेले नव्हते, खरेदीखत तर झालेच नाही. जानेवारी 1997 मध्ये मालक वारला. त्यानंतर एप्रिल 1998 मध्ये बाईंनी तेच मुखत्यारपत्र वापरून जागा आपल्या मुलाला विकली, आणि हे खरेदीखत मात्र रीतसर नोंदवले. पुढे 2003 मध्ये मालकाच्या वारसांनीही तीच जागा दुसऱ्याला विकली. एक जागा आणि दोन नोंदणीकृत खरेदीखते! सर्वोच्च न्यायालयात मुलाचे खरेदीखत टिकले नाही.

कारण समजण्यासाठी मुखत्याराकडे नेमके काय असते ते आधी पाहावे लागते. त्याच्याकडे मालकी नसते, मालकाच्या वतीने सही करण्याची परवानगी असते. तो मालकाचा हात. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 201 सांगते की नेमणारा मेला किंवा त्याचे मानसिक संतुलन गेले की ही नेमणूक संपते. त्यासाठी नोटीस लागत नाही, रद्दपत्र लागत नाही. वारसांनाही काही करावे लागत नाही.

दुसरीकडे, त्याच क्षणी मालमत्ता वारसांकडे जाते. मृत्युपत्र नसेल आणि मालक हिंदू असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे पहिले हक्कदार. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्यांची नावे चढायला महिने लागोत. ती नोंद महसुली सोयीची असते, मालकी तिच्यासाठी थांबत नाही. म्हणजे मृत्यूनंतर मुखत्यार ज्याच्या वतीने सही करतो तो माणूस नाही, आणि जे खरे मालक आहेत त्यांनी याला नेमलेले नाही. विकणाऱ्याकडेच हक्क नसेल तर घेणाऱ्याला तो येणार कुठून? मुद्रांक शुल्क भरले आणि दस्त नोंदवला तरी ही उणीव भरून निघत नाही.

मग बंगळुरूच्या बाईंचा भरवसा कशावर होता? करार कायद्याच्या कलम 202 वर. मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर मृत्यूमुळे त्याचे अधिकार त्या हिताला बाध येईल असे संपत नाहीत. कायद्यातले उदाहरण असे: सावकाराचे कर्ज फेडायचे आहे म्हणून जमीनमालक त्यालाच जमीन विकून त्या पैशातून स्वतःचे देणे वसूल करण्याचा अधिकार देतो. हा अधिकार सावकाराच्या हितासाठीच दिलेला असल्याने तो टिकतो. पण न्यायालयाने बाईंच्या मुखत्यारपत्राचा मजकूर तपासला. ते सर्वसाधारण स्वरूपाचे होते, मालमत्तेत त्यांचे हित निर्माण करण्यासाठी दिलेले नव्हते. ‘अपरिवर्तनीय’ असा शब्द कागदावर लिहिला म्हणून काम भागत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. दलालांच्या तोंडी हा शब्द फार असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता एक अडचणीचा प्रश्न. मुखत्याराला मृत्यू माहीतच नसेल तर? करार कायद्याचे कलम 208 म्हणते की नेमणूक संपल्याचा परिणाम मुखत्यारावर आणि तिसऱ्या व्यक्तीवर त्यांना ते कळल्यापासून होतो. या आधारावर प्रामाणिक खरेदीदार कोर्टात बाजू मांडू शकतो. मात्र मुखत्यार सहसा मालकाचा भाऊ, पुतण्या किंवा मुलगाच असतो, आणि त्याला बातमी कळली नव्हती हे पटवणे अवघड जाते.

महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी मुखत्याराकडून घोषणापत्र घेतले जाते. लिहून देणार मयत नाही, मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, आणि हे कथन खोटे निघाल्यास नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली शिक्षेस पात्र राहीन, असे तो लिहून देतो. दुय्यम निबंधक मात्र मालक जिवंत आहे का, याची चौकशी करत फिरत नाही. ते काम खरेदीदाराचेच.

त्यासाठी तारखा पाहाव्यात. खरेदीखतावर मुखत्याराने सही केली तेव्हा मालक हयात होता आणि नोंदणी तेवढी मृत्यूनंतर झाली, तर चित्र वेगळे असते. नोंदणी कायद्याच्या कलम 47 प्रमाणे नोंदवलेला दस्त सही झाल्याच्या दिवसापासून लागू होतो. सही मृत्यूनंतरची असेल, तर एकच सरळ वाट उरते: सगळ्या वारसांनी स्वतः खरेदीखत करून द्यायचे. मुखत्यारपत्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असेल तर सहीआधी मालकाशी समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलून घ्यावे. ‘आजारी आहेत, बोलता येत नाही’ असे उत्तर आले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मालकाचे मानसिक संतुलन गेलेले असेल तरीही मुखत्यारपत्र संपलेलेच असते.